ईसीटीसी काय आणि एनपी किती?

भाचा हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. सहा वर्षांचा अनुभव, त्यातली शेवटची तीन याच कंपनीत. एका बुधवारी सकाळी सव्वाअकराला त्याने मला व्हॉट्सॲपवर एक मेसेज पुढे ढकलला. कुठल्याशा भरती एजन्सीकडून आलेला. ‘तुमचा प्रोफाइल आमच्या क्लायंटच्या गरजेशी जुळतो. कृपया कळवा: एकूण अनुभव, संबंधित अनुभव, सीसीटीसी, ईसीटीसी, एनपी, सध्याचं ठिकाण, बदलाचं कारण.’ खाली त्याने स्वतः टाइप करून ठेवलेलं उत्तर होतं, अजून न पाठवलेलं: ‘सीसीटीसी ९.६, ईसीटीसी निगोशिएबल, एनपी ६० दिवस पण लवकर होऊ शकतं.’ आणि मला प्रश्न, ‘मावशी, पाठवू ना?’

मी लिहिलं, थांब.

पुण्यात सतरा वर्षं मी भरतीचं काम केलं. आधी एजन्सीत, मग एका कंपनीच्या एचआरमध्ये. हा मेसेज मी स्वतः हजारो वेळा पाठवला आहे आणि त्याला आलेली असली उत्तरं हजारो वेळा वाचली आहेत. सीसीटीसी म्हणजे सध्याचं वार्षिक पॅकेज, ईसीटीसी म्हणजे अपेक्षित, एनपी म्हणजे नोटीस पीरियड, राजीनामा दिल्यानंतर जुन्या कंपनीत काढावे लागणारे दिवस. प्रश्न सात असले तरी निवड दोनांवरच ठरते, पगार आणि नोटीस. बाकीचं बायोडेटात असतंच.

उत्तर नीट लिहायचं तर ते कुठे जातं हे आधी माहीत हवं. मेसेज पाठवणारी मुलगी (बहुतेकदा ती मुलगीच असते, नोकरीला लागून दोनेक वर्षं झालेली) ते उत्तर वाचून विचार करत बसत नाही. तिच्यासमोर एक एक्सेल शीट उघडी असते, तिला आम्ही ट्रॅकर म्हणतो. एका ओळीत एक उमेदवार, आणि प्रत्येक प्रश्नाला एक रकाना. दिवसभरात असे तीस-चाळीस जण भरायचे आणि संध्याकाळी ती शीट क्लायंटकडे पाठवायची. क्लायंटचा मॅनेजर ती उघडतो, ईसीटीसीच्या रकान्यावर फिल्टर लावतो, एनपीच्या रकान्यावर फिल्टर लावतो आणि उरलेले सहा-सात बायोडेटा वाचतो. ‘निगोशिएबल’ हा शब्द आकड्यांच्या फिल्टरमध्ये कुठेच बसत नाही. मग ती मुलगी काय करते? एकतर तुम्हाला पुन्हा फोन करते, किंवा वेळ नसेल तर सध्याच्या पॅकेजवर स्वतःच वीस-तीस टक्के चढवून एक आकडा ठोकून देते. मीही ते केलं आहे. उमेदवाराला त्याचा पत्ताही नसायचा, आणि पुढे ऑफरच्या वेळी ‘तुम्ही तर एवढंच मागितलं होतं’ असं त्याला ऐकून घ्यावं लागायचं.

एजन्सीवाली तुमचा पगार पाडायला बसलेली आहे, असा एक समज असतो. तसं नसतं. एजन्सीचं शुल्क बहुधा उमेदवाराच्या वार्षिक पॅकेजच्या ८.३३ टक्के असतं, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार. तुमचं पॅकेज वाढलं तर तिचं शुल्कही वाढतं. पण तिला सगळ्यात जास्त काय हवं असतं, तर सौदा एकदाचा पूर्ण व्हावा. उमेदवार रुजूच झाला नाही, तर शुल्क शून्य. म्हणून तिला तुमच्याकडून दोनच गोष्टी कळायला हव्या असतात: कितीला याल आणि कधी याल. हे स्पष्ट सांगणाऱ्याला ती स्वतःहून पुढे ढकलते.

आता भाच्याचा ‘९.६’. मी त्याला विचारलं, यातले हातात किती येतात? तो म्हणाला, पासष्ट हजारांच्या आसपास. वर्षाचे ९ लाख ६० हजार बाराने भागले तर ८० हजार होतात. मधले पंधरा हजार कुठे गेले, हे त्याने तीन वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. हे सर्रास दिसतं. लोक ऑफर लेटरचं पहिलं पान जपून ठेवतात, पगाराची फोड असलेलं शेवटचं पान उघडतही नाहीत.

त्याला ते पान काढायला लावलं. सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावर होणारा वर्षभराचा एकूण खर्च, तुमच्या खात्यात जमा होणारी रक्कम नव्हे. त्याच्या ९.६० लाखांत ९६ हजार ‘व्हेरिएबल’ होते, म्हणजे कंपनीचं आणि त्याचं काम पाहून वर्षाअखेरी मिळणारे, किंवा न मिळणारे. ते वजा केले की राहतात ८ लाख ६४ हजार, याला फिक्स्ड म्हणतात. पण या फिक्स्डमध्येही कंपनी आपल्या बाजूने भरते तो भविष्यनिर्वाह निधी धरलेला असतो, त्याच्या बाबतीत महिना १,८०० रुपये. शिवाय ग्रॅच्युइटी, मूळ पगाराच्या ४.८१ टक्के. हा आकडा कुठून येतो? ग्रॅच्युइटी दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकी, महिना सव्वीस दिवसांचा धरून. पंधरा भागिले सव्वीस, आणि त्याला बाराने भागलं की ४.८१ टक्के. त्याचा मूळ पगार महिना ३६ हजार, म्हणजे वर्षाला साधारण २०,८०० रुपये फक्त कागदावर. नेहमीच्या कायम नोकरीत पाच वर्षं भरायच्या आत सोडली, तर ते मिळत नाहीत. आणि त्याला तीनच झाली होती. आरोग्य विम्याचा हप्ता १२ हजार, तोही त्यातच. हे सगळं काढलं की महिन्याला साडेसदुसष्ट हजार उरतात, त्यातून त्याच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेले की साडेपासष्ट हजार. नव्या करप्रणालीत या उत्पन्नावर त्याला आयकर लागत नाही, नाहीतर तोही कापला गेला असता.

हीच रक्कम दुसऱ्या कंपनीत वेगळी दिसू शकते. काही कंपन्या पीएफ पंधरा हजारांच्या मर्यादेवर न भरता पूर्ण मूळ पगारावर भरतात. मग ३६ हजारांवर १२ टक्के, म्हणजे ४,३२० कंपनीचे आणि ४,३२० तुमचे. सीटीसी तेवढंच, पण हातात येणारे महिन्याला पाच हजारांनी कमी. पैसे तुमचेच असतात, निवृत्तीसाठी साठत असतात, पण घराचा हप्ता त्यातून भरता येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये ‘वेतना’ची नवी व्याख्या आहे, वेतनात न धरले जाणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी पगाराची फोड बदलते आहे. जुन्या सहकाऱ्याच्या पगाराच्या चिठ्ठीवरून आपला अंदाज बांधू नये.

एवढा हिशोब एका मेसेजसाठी कशाला, असं भाचा म्हणालाच. मी त्याला एक ऑफर दाखवली, पूर्वी पाहिलेल्या कित्येकांच्या धर्तीवर आकडे जुळवून. बारा लाखांचं पॅकेज. ९.६ वरून १२, पंचवीस टक्क्यांची वाढ, घरी पेढे वाटण्यासारखी. आता त्या बारातले एक लाख जॉइनिंग बोनस, एकदाच मिळणारा, आणि वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा. व्हेरिएबल पंधरा टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार. उरले ९ लाख २० हजार फिक्स्ड. भाच्याच्या ८.६४ शी ताडून पाहिलं तर वाढ ५६ हजार, साडेसहा टक्के. एवढी वाढ जुन्या कंपनीतही एप्रिलमध्ये मिळाली असती. ‘ईसीटीसी १२’ एवढंच लिहिणाऱ्याला अशी ऑफर आली, तर त्याला तक्रार करायला तोंड उरत नाही. त्याने मागितलं तेच त्याला मिळालं.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की अपेक्षा फिक्स्डमध्ये सांगायची आणि तो शब्द लिहायचा. ‘अपेक्षा फिक्स्ड ११ लाख, व्हेरिएबल आणि जॉइनिंग बोनस वेगळे.’ ट्रॅकरच्या रकान्यात ती मुलगी ‘११ फि.’ असं काहीतरी लिहील, आणि ती दोन अक्षरं पुढे तुमच्या बाजूने उभी राहतील.

अकराच का? भाच्याच्या मनात आधी ‘साडेदहा ते बारा’ होतं. असा पट्टा सांगितला, की सांगणाऱ्याला बारा ऐकू येतात आणि ऐकणाऱ्याला साडेदहा. ट्रॅकरमध्ये साडेदहाच जातं, मला विचारा. पट्टा द्यायचाच असेल तर त्याचं खालचं टोक तुम्हाला आनंदाने चालणारं असावं. मग वरचं टोक सांगण्यात फारसा अर्थ उरत नाही. एक आकडा बरा. तो काढायला आम्ही अर्धा तास घालवला. तशाच कामावरच्या दोन मित्रांना त्याने विचारलं, एकाने १०.८ फिक्स्ड सांगितलं, दुसऱ्याने ११.५, पण त्याला ऑटोमेशनचा अनुभव जास्त. मग खर्चाच्या बाजूने पाहिलं. नवं ऑफिस खराडीला, आणि हा राहतो वाकडला. शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला, गर्दीच्या वेळी एकेका बाजूला तास-सव्वातास कुठे गेला नाही. घर बदललं तर नवं भाडं, नव्याने डिपॉझिट. आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात: वर्षाचं व्हेरिएबल एप्रिलमध्ये मिळतं आणि त्या दिवशी तुम्ही कंपनीच्या पटावर असावं लागतं. जानेवारीत राजीनामा दिला तर वर्षभर कमावलेले साठ-सत्तर हजार सोडून जावं लागतं. हे नुकसान अपेक्षेत धरायचं असतं. अकरा लाख म्हणजे फिक्स्डवर सत्तावीस टक्के वाढ. आजच्या त्याच्या कामाला मागता येण्यासारखी, अंगावर न येणारी.

त्याशिवाय एक दुसरा आकडा त्याने कागदावर लिहून पाकिटात ठेवला, १०.२५. याच्या खाली जायचं नाही. हा आकडा कुणाला सांगायचा नाही, मला सांगितला तेवढा पुरे. पण तो आधी ठरलेला असला, की पुढे फोनवर कोणी ‘सर, साडेनऊला बघा ना, कंपनी खूप चांगली आहे’ म्हणालं, तर गोंधळ होत नाही.

सध्याचा पगार सांगावा की नाही, यावर माझ्या माजी सहकाऱ्यांत अजून वाद होतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत नोकरी देणाऱ्याला मागचा पगार विचारायचीच बंदी आहे, कॅलिफोर्नियात २०१८ पासून. तिकडे गेलेली आपली मुलं हा प्रश्न अंगवळणी पडल्यामुळे स्वतःहूनच आकडा सांगून मोकळी होतात, हेही मी ऐकलं आहे. आपल्याकडे तसा कायदा नाही. फॉर्ममध्ये तो रकाना सक्तीचा असतो आणि रिकामा ठेवला तर उमेदवारी बहुधा पुढे सरकत नाही. ज्यांचा सध्याचा पगार बाजारापेक्षा फार खाली आहे, उदाहरणार्थ मुलाच्या जन्मानंतर दोन वर्षांनी परतणारी बाई, तिने मात्र मी सांगेन तसं लिहावं: आधी अपेक्षा, मग ‘मागचं पॅकेज २०२३ चं आहे, या पदाशी तुलना करू नये’ एवढं एक वाक्य. चाळणीत मागचा आकडा पहिला दिसला, की वाचणारा त्यावर टक्के चढवूनच विचार करतो. ती सवय मोडायची तर अपेक्षेचा आकडा त्याच्या डोळ्यांत आधी गेला पाहिजे.

पण सांगायचा तर खरा सांगा. फुगवलेला पगार पकडला जातो आणि तो पकडायला फार हुशारी लागत नाही. ऑफरच्या आधी तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या मागतात, कधी बँकेचं विवरण, कधी फॉर्म १६. आधी कुठे, कधीपासून कधीपर्यंत होतात, हे भविष्यनिर्वाह निधीच्या यूएएन खात्याच्या सेवा-इतिहासात दिसतं. वाढ लागू होणार असेल तर तिचं पत्र हातात असल्यावरच धरा. ‘एप्रिलमध्ये दहा टक्के होणारच आहेत’ याला ट्रॅकरमध्ये किंमत नाही.

आता नोटीस. भाच्याचं ‘६० दिवस पण लवकर होऊ शकतं’ हे वाक्य मला त्याच्या ‘निगोशिएबल’पेक्षा जास्त खटकलं. ‘लवकर’ म्हणजे किती? आणि ते होणार कुणाच्या भरवशावर? नौकरी डॉट कॉमवर उमेदवाराला नोटीस निवडायला ठरलेले पर्याय असतात: १५ दिवस किंवा कमी, १ महिना, २ महिने, ३ महिने, त्याहून जास्त, आणि ‘नोटीस चालू आहे’. भरती करणारा त्यावरच शोध घेतो. घाईची जागा असेल तर पहिल्या दोन पर्यायांपलीकडे तो बघत नाही. म्हणून लोक मोहात पडतात आणि ६० दिवस असताना ‘महिनाभर’ निवडून टाकतात. मग ऑफर येते, रुजू व्हायची तारीख ठरते, आणि जुन्या कंपनीतला मॅनेजर म्हणतो, ‘रिलीज संपेपर्यंत सोडत नाही.’ तारीख पुढे ढकलायची एकदा विनंती करता येते. दुसऱ्यांदा केली की ऑफर मागे घेतलेली मी पाहिली आहे, आणि खरं सांगायचं तर एकदा ती मागे घ्यायचा मेल मीच टाइप केला होता.

नोटीसबद्दल तीन गोष्टी वेगळ्या असतात आणि तीनही सांगाव्या लागतात. पहिली, नेमणूकपत्रात लिहिलेली मुदत. दुसरी, राजीनामा दिला आहे की नाही. तिसरी, दिला असेल तर शेवटचा दिवस कोणता, पोर्टलवर दिसणारी तारीख. ‘मी मॅनेजरशी बोललोय’ हा राजीनामा नसतो. बहुतेक कंपन्यांत नोटीसचे दिवस पोर्टलवर राजीनामा टाकला त्या दिवसापासून मोजतात, काही ठिकाणी तो मान्य झाल्या दिवसापासून. शिल्लक रजा त्यात वळत्या होतील असं गृहीत धरू नका; कित्येक ठिकाणी उलटंच असतं, नोटीसमध्ये रजा घेतली तर शेवटचा दिवस तेवढा पुढे जातो. हे सगळं नेमणूकपत्रात आणि रजेच्या नियमांत लिहिलेलं असतं, फक्त उघडून वाचावं लागतं.

भाच्याच्या पत्रात साठ दिवस होते, कॅलेंडरचे, कामाचे नव्हे. आणि एक ओळ अशी: ‘कंपनीच्या मर्जीनुसार, उरलेल्या दिवसांचा मूळ पगार भरून नोटीस कमी करता येईल.’ यालाच बायआउट म्हणतात. यातले दोन शब्द महत्त्वाचे आहेत. ‘मूळ पगार’, म्हणजे तीस दिवस विकत घ्यायचे तर ३६ हजार. हाच नियम पूर्ण पगारावर असता तर साडेसदुसष्ट हजार लागले असते. आणि ‘कंपनीच्या मर्जीनुसार’. तुम्ही पैसे भरायला तयार असलात तरी कंपनी नाही म्हणू शकते. तुम्हाला बळजबरीने कामावर बसवून ठेवायचा हुकूम कोणतंही न्यायालय सहसा देत नाही, पण कंपनीला त्याची गरजही नसते. तिच्या हातात रिलीव्हिंग लेटर असतं, आणि नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी तेच मागतात. हा बायआउटचा खर्च नवी कंपनी कधी कधी भरून देते. तेव्हा ती रक्कम तुमच्या पगारात धरली जाते आणि त्यावर कर लागू शकतो, म्हणून ‘पूर्ण भरपाई’ म्हणताना कर कोण भरणार हेही विचारून घ्यावं.

भाचा म्हणाला, राजीनामा आत्ताच टाकला तर? नोटीस चालू असलेल्यांना मागणी असते म्हणतात. असते, हे खरं. कारण नव्वद दिवसांची नोटीस असलेला माणूस त्या तीन महिन्यांत हातातली ऑफर दाखवून आणखी दोन ऑफर मिळवतो, आणि भरती करणाऱ्याला ते पुरतं ठाऊक असतं. माझ्या एजन्सीच्या दिवसांत मी एका जागेसाठी चार महिने घालवले होते. ऑफर स्वीकारली गेली, तीन महिने दर पंधरवड्याला फोन करून चौकशी केली, रुजू व्हायच्या सोमवारी सकाळी त्याचा फोन बंद. क्लायंटने पुढचं वर्षभर आमच्या एजन्सीला एकही जागा दिली नाही. म्हणून ‘आणखी ऑफर आहे का?’ हा प्रश्न येतो तेव्हा त्यामागे चोंबडेपणा नसतो, भीती असते. असेल तर आहे म्हणा. पण नवीन ऑफर लेटर हातात येण्याआधी राजीनामा टाकायचा सल्ला मी माझ्या भाच्याला देणार नाही. मागणी वाढते, आणि पगाराबद्दलची तुमची ताठ मान त्याच वेगाने खाली येते. शेवटचा दिवस जवळ येतोय हे समोरच्याला शीटवर दिसत असतं.

मध्येच त्याला फोन आला. तीच मुलगी. ‘सर, पटकन सांगा ना, मला एक वाजता शीट पाठवायची आहे.’ तो कॅन्टीनच्या कोपऱ्यात उभा, मागे चार सहकारी. अशा वेळी तोंडून जो आकडा निघतो तो नेहमी कमी असतो, कारण माणूस आवाजही कमी ठेवत असतो. मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, फोनवर आकडा सांगायचा नाही. ‘मिटिंगमध्ये आहे, वीस मिनिटांत लिहून पाठवतो.’ तो तेवढंच म्हणाला. लिहिलेला मेसेज तिला शीटमध्ये जसाच्या तसा टाकता येतो, आणि पुढे कोण काय म्हणालं यावर वाद होत नाही.

मग त्याने हे पाठवलं:

‘अनुभव ६ वर्षं, टेस्टिंगचा ६, त्यात ऑटोमेशन २.
सध्या ९.६० लाख: फिक्स्ड ८.६४, व्हेरिएबल ०.९६ (गेल्या वर्षी ७० टक्के मिळालं).
अपेक्षा: फिक्स्ड ११ लाख. व्हेरिएबल, जॉइनिंग बोनस वेगळे.
नोटीस ६० दिवस, राजीनामा अजून दिलेला नाही. ३० दिवसांचा बायआउट कंपनीच्या मंजुरीने शक्य, खर्च नव्या कंपनीने दिल्यास.
ठिकाण वाकड, खराडी चालेल, आठवड्यात तीन दिवस ऑफिस.
या पदाचं फिक्स्ड बजेट यात बसतं का? माझा बायोडेटा क्लायंटला पाठवण्याआधी कंपनीचं नाव कळवा.’

बदलाचं कारण त्याने लिहिलं नाही. ते मुलाखतीत विचारतात, आणि ट्रॅकरमध्ये त्यावर कोणी फिल्टर लावत नाही.

शेवटच्या दोन वाक्यांबद्दल थोडं. बजेट विचारणं हा उद्धटपणा नाही. त्या मुलीला ते माहीत असतं आणि निम्म्या वेळा ती सांगूनही टाकते. बसत नसेल तर आत्ताच कळलेलं दोघांनाही बरं. आणि कंपनीचं नाव यासाठी, की एकच बायोडेटा दोन एजन्सींनी एकाच क्लायंटला पाठवला, तर क्लायंट त्याला ‘डुप्लिकेट’ म्हणून बाजूला टाकतो. शुल्क कोणाला द्यायचं या भांडणात पडण्यापेक्षा त्यांना तो उमेदवारच नको असतो. चांगल्या चांगल्या लोकांना मी असं गळताना पाहिलं आहे, आणि त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की आपला बायोडेटा कमी पडला.

एकदा लिहिलेला आकडा कायद्याने बांधून ठेवत नाही, पण व्यवहारात तो तुम्हाला चिकटतो. पुढे बदलायचा असेल तर कारण नवं हवं. मुलाखतीत कळलं की रात्रपाळी आहे, किंवा जागा पुण्याऐवजी बंगळुरूला आहे, तर ‘हे मेसेजमध्ये नव्हतं, त्यामुळे अपेक्षा १२ फिक्स्ड’ असं त्याच दिवशी लिहून कळवायचं. तीन फेऱ्या झाल्यावर, ऑफरच्या दिवशी आकडा वाढवणारा माणूस मॅनेजरच्या डोळ्यांसमोरून कायमचा उतरतो.

आखातात जाणाऱ्यांनी फोडीचा हा हिशोब तिकडे तसाच लावू नये. दुबईत पगार महिन्याचा, दिरहममध्ये सांगतात, आणि त्यात घरभाडं, प्रवास, वर्षाचं विमानाचं तिकीट धरलेलं आहे का हे विचारावं लागतं. प्रोबेशन संपल्यावर नोटीस तिथल्या कायद्यानेच तीस ते नव्वद दिवसांच्या मध्ये असते. ओळी मात्र तेवढ्याच पुरतात.

एक वाजून पाच मिनिटांनी तिचं उत्तर आलं. ‘थँक्यू सर, बजेट फिक्स्ड साडेदहापर्यंत आहे, प्लस दहा टक्के व्हेरिएबल. नोटीस ४५ दिवस चालेल, बायआउट कंपनी भरत नाही. शेअर करू?’ आणि खाली कंपनीचं नाव.

भाच्याचा मला फोन. ‘मावशी, अगं अकरा नाहीयेत.’

मी विचारलं, पाकिटातल्या कागदावर काय लिहिलंयस?

थोडा वेळ काही आवाज आला नाही, मग कागद उलगडल्याचा आला. आता राहिले होते पंधरा दिवस: साठातून पंचेचाळीस करायचे, तर मूळ पगाराचे अठरा हजार त्याच्या स्वतःच्या खिशातून. तो म्हणाला, ‘ते मी मॅनेजरशी बोलून बघतो.’ मी म्हटलं, आधी ऑफर येऊ दे, मग बोल. तोवर तिला लिही, ‘शेअर करा, साडेदहा फिक्स्ड विचारात घेईन, नोटीस पत्रात ६० आहे, ४५ साठी प्रयत्न करेन, खात्री राजीनाम्यानंतरच देता येईल.’



त्याने ते जसंच्या तसं पाठवलं, फक्त ‘प्रयत्न’च्या आधी ‘नक्की’ घातलं. मी लगेच फोन करून तो शब्द काढायला लावला.